नावे दोन, गोळी एकच

एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी एकाच माणसाच्या पोटात रोज जात राहते, त्याला औषधांची पुनरावृत्ती म्हणतात. गोळी चुकीची नसते, डॉक्टरही चुकीचा नसतो. प्रत्येक पाकीट आपापल्या जागी बरोबर असते आणि बेरीज तेवढी चुकते. म्हातारपणी ही चूक विशेष घडते, कारण तेव्हा डॉक्टर एकापेक्षा जास्त असतात, दुकाने एकापेक्षा जास्त असतात आणि डबा मात्र एकच असतो. पुढची गोष्ट काल्पनिक आहे. तिच्यातल्या मात्रा, आकडे आणि शरीरात घडणाऱ्या गोष्टी मात्र औषधशास्त्रातल्या आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहणारी ही आजी ७४ वर्षांची, वजन ५० किलोच्या आसपास. मधुमेहाला चौदा वर्षे झालेली, रक्तदाबाला त्याहून जास्त. तिची नात पुण्यात बी. फार्म.च्या चौथ्या वर्षाला शिकते. चार दिवसांच्या सुट्टीला आली तेव्हा तिला घरात दोन गोष्टी ऐकू आल्या. सगळे एका गोष्टीवर खूश होते: आजीची उपाशीपोटीची साखर, जी वर्षानुवर्षे दीडशेच्या खाली येत नव्हती, ती या वेळी ८४ आली होती. दुसरी गोष्ट तक्रारीची होती. आजी अलीकडे चिडचिडी झाली होती, सकाळी अकराच्या सुमारास काहीबाही बोलायची, एकदा मोरीत पडता पडता वाचली होती. पहाटे तिची उशी घामाने ओली असायची. जेवण निम्म्यावर आले होते, पोटही बिघडलेले असायचे. घरच्यांनी या सगळ्याला एकच नाव दिले होते, वय झाले. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच असू शकते, हे कोणाच्या मनात आले नव्हते, आणि नातीच्याही मनात ते लगेच आले नाही. ती डबा आवरायला बसली ते केवळ डबा भरून वाहत होता म्हणून.

औषधे एका जागी नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बरीचशी, काही देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, डोळ्यांचे थेंब फ्रीजच्या दारात, दोन पाकिटे उशाखाली आणि काही सुट्ट्या गोळ्या बटव्यात सुपारीच्या शेजारी. नातीने सगळे गोळा करून ओसरीवर वर्तमानपत्रावर मांडले. अमेरिकेत अशी तपासणी करताना रुग्णाला घरातली सगळी औषधे तपकिरी कागदी पिशवीत भरून आणायला सांगतात आणि त्या पिशवीवरूनच या पद्धतीचे नाव पडले आहे. नाव काही असो, तिच्यातली महत्त्वाची अट ‘सगळी’ ही आहे. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेली औषधे आणि घरात असलेली औषधे या दोन याद्या फार क्वचित जुळतात. त्यामुळे पंचाने दिलेले चूर्ण, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी आणि बंद केलेले जुने पाकीट हेही कागदावर यावे लागते.

सुट्ट्या गोळ्या अकरा निघाल्या. त्या तिने एका कागदी पुडीत बांधून बाजूला ठेवल्या आणि पुडीवर ‘घेऊ नये’ असे लिहिले. अमेरिकेत गोळीच्या अंगावरच अक्षरे किंवा आकडे कोरलेले असतात आणि त्यावरून पाकिटाबाहेरची गोळीही ओळखता येते. आपल्याकडच्या बहुतेक गोळ्या कोऱ्या असतात. पांढरी, गोल, मधे रेघ असलेली गोळी रक्तदाबाची असू शकते, मधुमेहाची असू शकते किंवा तापाची. रंगावरून अंदाज बांधणे हा पाकिटाबाहेरच्या गोळीबाबतचा सगळ्यात वाईट मार्ग आहे आणि घरोघरी तोच वापरला जातो. कातरलेल्या पाकिटांचीही तीच अडचण. दुकानदार दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख कधी कधी दुकानातल्या तुकड्यावरच राहते. आजीच्या डब्यात असे तीन तुकडे होते.

उरलेल्या पाकिटांवरची नावे तिने वाचली नाहीत. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा शिकवले जाते ते हेच. पाकिटावर ठळक छापलेले नाव कंपनीने ठेवलेले असते. त्यात औषधाचा मागमूस असेलच असे नाही. आत काय आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि तिथली सुरुवात नेहमी एकाच अर्थाच्या वाक्याने होते: प्रत्येक गोळीत अमुक इतके अमुक. त्या ओळीपुढे जी नावे आणि मिलिग्रॅमचे आकडे येतात तेच खरे औषध. नातीने वहीच्या पानावर प्रत्येक पाकिटासाठी एक आडवी ओळ केली आणि त्यात घटक, मात्रा, दिवसातून किती वेळा, कोणी दिले, कधीपासून, एवढेच लिहिले. ब्रँडचे नाव सगळ्यात शेवटी, ओळखीपुरते.

नववी आणि दहावी ओळ लिहून झाल्यावर तिचा हात थांबला. एका पाकिटात पांढरा-हिरवा असा दोन थरांचा मोठा चपटा प्रकार होता: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारे. दुसऱ्या पाकिटातली गोळी पांढरी-गुलाबी होती: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आणि व्होग्लिबोज ०.२ मिलिग्रॅम. दोन कंपन्या, दोन नावे, दोन रंग. पहिले दोन घटक मात्र तेच आणि तेवढेच. त्याखालच्या तिसऱ्या ओळीत पुन्हा मेटफॉर्मिन ५०० आले. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळालेली साधी पांढरी गोळी होती.

“ही हिरवी कशाची, आजी?”

“ती साखरंची. जुनी हाय.”

“आणि ही गुलाबी?”

“ती डोळ्याची. आपरेशन झालं तवा दिली न्हवं का.”

गुंता इथे होता. सात आठवड्यांपूर्वी आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या तपासणीत साखर २६० निघाली, म्हणून शहरातल्या रुग्णालयाने शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली आणि तिथल्या फिजिशियनने मधुमेहाची गोळी बदलली. त्यांनी विचारले होते, आधी काय घेता? आजीने सांगितले, साखरेची एक गोळी घेते. नाव तिला ठाऊक नव्हते आणि जुनी फाइल पुतण्याच्या घरी होती. नव्या कागदावर नवी गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी लिहिली गेली. ती जुनीच्या जागी आहे, जुनी आता थांबवायची, हे वाक्य त्या कागदावर नव्हते. आजीच्या दृष्टीने तर डोळ्याच्या दवाखान्यातून आलेली गोळी डोळ्याचीच असणार. जुनी हिरवी गोळी गावातल्या दुकानातून नेहमीप्रमाणे येत राहिली. मधल्या काळात मधुमेह-रक्तदाब तपासणीच्या सरकारी कार्यक्रमात आशाताईंनी तिचे नाव नोंदवले आणि केंद्रातून सकाळी एक, रात्री एक अशी पांढरी गोळीही सुरू झाली. तिन्ही ठिकाणच्या लोकांनी आपले काम केले होते. यात दोष शोधायचाच तर तो रुग्णालयातून घरी जाताना दिल्या जाणाऱ्या कार्डाच्या छापील नमुन्याचा आहे. त्यात ‘सुरू औषधे’ असा रकाना असतो आणि ‘बंद केलेली औषधे’ असा बहुधा नसतो.

दोन पाकिटे एका डब्यात सापडली म्हणजे दोन्ही पोटात जातात असे मात्र नाही. जुने पाकीट नुसते पडूनही असू शकते. त्याचा निकाल मोजणीने लागतो. गुलाबी गोळीच्या ताज्या बिलावर वीस दिवसांपूर्वीची तारीख आणि ६० गोळ्या होत्या. रोज दोन घेतल्या तर ४० संपायला हव्यात आणि २० उरायला हव्यात. उरल्या होत्या २२. हिरवीचे बिल बारा दिवसांपूर्वीचे, ३० गोळ्यांचे. २४ जाऊन ६ उरायला हव्यात, तिथे ७ होत्या. नवे पाकीट आणले तेव्हा जुने पूर्ण संपले होते का, हेही नातीने विचारून घेतले, कारण तसे नसेल तर ही बेरीज फसवते. संपले होते. म्हणजे आजी दोन्ही गोळ्या जवळपास न चुकता घेत होती. औषध नियमित घेणारा रुग्ण हा डॉक्टरांचा आवडता रुग्ण असतो, पण या ठिकाणी आजीच्या शिस्तीनेच धोका पुरा केला होता. चार-दोन वेळा विसरली असती तर बरे झाले असते.

आता बेरीज. ग्लिमेपिराइड हिरवीतून दिवसाला ४ मिलिग्रॅम, गुलाबीतून ४, एकूण ८. अमेरिकेतल्या औषधपत्रकात हीच दिवसाची कमाल मर्यादा आहे आणि वृद्ध माणसाला सुरुवात १ मिलिग्रॅमने करावी असे तेच पत्रक सांगते. मेटफॉर्मिन तिन्ही पाकिटांतून १००० प्रमाणे ३००० मिलिग्रॅम झाले. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसालाही हे जास्तच आहे. आजीचे मूत्रपिंड निरोगी नव्हते. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.४ होते. प्रयोगशाळेच्या कागदावर शेजारी छापलेली वरची मर्यादा १.१ होती, त्यामुळे घरच्यांना ते ‘जरासेच जास्त’ वाटले. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि काटक, म्हाताऱ्या बाईच्या अंगात स्नायू कमीच असतात. म्हणून तिच्या बाबतीत तोच आकडा जास्त गंभीर ठरतो. वय आणि लिंग धरून गणित केले की मूत्रपिंडाची गाळण्याची गती मिनिटाला साधारण ३९ मिलिलिटर येते, तरुण निरोगी माणसाच्या निम्म्याहून कमी. ही गती ४५ च्या खाली गेली की मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये आणि ३० च्या खाली गेली की बंद करावे असा दंडक आहे. आजी मर्यादेच्या तिप्पट घेत होती.

या दोन औषधांपैकी झटक्याने जीव घेऊ शकते ते ग्लिमेपिराइड. स्वादुपिंडातल्या पेशी रक्तातली साखर वाढली की इन्सुलिन सोडतात आणि ती उतरली की थांबतात. त्या पेशींच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाण्याची दारे असतात आणि ती मिटली की पेशीला इन्सुलिन सोडण्याचा इशारा मिळतो. साखर वाढल्यावर ती आपोआप मिटतात. ग्लिमेपिराइड ती स्वतःच मिटून ठेवते, साखर किती आहे हे न पाहता. विहीर तळाला गेली तरी मोटार उपसतच राहावी, तसा हा प्रकार होतो. एका मात्रेचा परिणाम जवळजवळ दिवसभर टिकतो. यकृत या औषधाचे जे रूपांतर करते त्यातला एक पदार्थही थोडाफार साखर उतरवतो आणि तो बाहेर पडतो मूत्रपिंडातून. मूत्रपिंड मंद असेल तर तो रेंगाळतो. म्हणून वृद्धांसाठी कोणती औषधे टाळावीत याची जी यादी अमेरिकेतली वार्धक्यतज्ज्ञांची संस्था वेळोवेळी प्रसिद्ध करते, तिच्या २०२३ च्या आवृत्तीत हा सगळा औषधगट पहिल्या किंवा दुसऱ्या पसंतीला वापरू नये असे म्हटले आहे. आपल्याकडे तो स्वस्त आहे, परिणामकारक आहे आणि म्हणून सर्वत्र आहे. योग्य मात्रेत त्यावर लाखो लोक व्यवस्थित जगतात, हेही खरे.

मेटफॉर्मिन एकट्याने साखर फारशी धोक्यापर्यंत उतरवत नाही, पण इथे त्याने वेगळ्या वाटेने मदत केली. जास्त मात्रेत ते पोट बिघडवते आणि भूक मारते. आजीची दोन भाकऱ्यांची सवय अर्ध्या भाकरीवर आली होती ती यामुळे. म्हणजे एक औषध साखर आत येऊ देत नव्हते आणि दुसरे आहे ती संपवत होते. पहाटेचा घाम, सकाळी अकराचा गोंधळ, मोरीतला तोल आणि ‘८४’ हा कौतुकाचा आकडा या एका रांगेतल्या गोष्टी होत्या.

साखर उतरल्याची खूण म्हणून लोकांना हातांची थरथर आणि छातीतली धडधड ठाऊक असते. आजीला त्या दोन्ही जाणवल्या नव्हत्या, आणि याचे उत्तर वहीच्या चौथ्या ओळीत होते: रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल. या जातीची औषधे हृदयाचे ठोके आवरतात, त्याबरोबर साखर उतरल्याची थरथर आणि धडधडही दाबून टाकतात. घाम मात्र ती दाबत नाहीत, कारण घामाची यंत्रणा वेगळ्या रसायनावर चालते. अशा रुग्णात ओली उशी ही कधी कधी एकमेव प्रामाणिक साक्षीदार असते. दुसऱ्या प्रकारच्या खुणा मेंदूच्या असतात, म्हणजे चिडचिड, असंबद्ध बोलणे, जिभेचा जडपणा, झापड. वृद्धांमध्ये त्या विसराळूपणाच्या किंवा अर्धांगाच्या वाटू शकतात. फरक ओळखण्याचा साधा मार्ग म्हणजे त्याच क्षणी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजणे. तासाभराने, चहा-बिस्किट खाऊन झाल्यावर मोजून काही कळत नाही.

त्या दिवशी एकादशी होती. आजीने सकाळी तिन्ही गोळ्या घेतल्या होत्या आणि खाल्ले होते ते एक केळे. वही पुरी होईपर्यंत साडेअकरा वाजले. आजी भिंतीला टेकून बसली होती आणि नातीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारत होती. घरात साखर मोजायचे यंत्र होते. आकडा आला ५८. सत्तरच्या खाली साखर गेली की ती उतरलेली समजतात, ५४ च्या खाली गंभीर.

काकू धावत साखरपाणी घेऊन आल्या. नातीने ते थांबवले आणि दुकानातून ग्लुकोजची पुडी आणायला लावली. बघणाऱ्याला हा पुस्तकी हट्ट वाटला असता, पण तो गुलाबी गोळीतल्या तिसऱ्या घटकामुळे होता. आपली नेहमीची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती आतड्यात फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. व्होग्लिबोज नेमके हे फोडण्याचे कामच मंदावते. जेवणानंतर साखर एकदम चढू नये म्हणून ते दिलेले असते. त्यामुळे हे औषध, किंवा त्याच जातीचे अकार्बोज, घेणाऱ्याची साखर उतरली तर साखरपाणी, गूळ, पेढा हे सगळे उशिरा पोचते. ग्लुकोज पावडरला फोडावे लागत नाही. ती नसेल तर मध चालतो, कारण त्यातल्या शर्करा बऱ्याच अंशी आधीच सुट्ट्या असतात. आजी शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून तीन चहाचे चमचे ग्लुकोज, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या पेल्याच्या पाण्यातून दिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तर ६६. आणखी तितकेच दिले. त्यानंतर ८९. मग एकादशी बाजूला ठेवून तिला भात-वरण खायला लावले. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचे नसते. ते श्वासनळीत जाते. तेव्हा कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

८९ आले तेव्हा घरच्यांना संकट टळले असे वाटले. या औषधाबाबत घोटाळा होतो तो बहुधा याच टप्प्यावर. इन्सुलिनच्या जलद इंजेक्शनमुळे उतरलेली साखर एकदा वर आली की साधारण वरच राहते. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते, कारण गोळी अजून काम करत असते आणि वर दिलेल्या ग्लुकोजनेही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला उत्तेजन मिळते. वृद्ध आणि मूत्रपिंड मंद असलेल्या माणसात हा खेळ एक-दोन दिवस चालू शकतो.

नातीने स्वतःच्या अधिकारात कोणतीही गोळी बंद केली नाही. गुलाबी गोळी लिहून देणाऱ्या फिजिशियनना फोन लावून तिने वहीचे पान वाचून दाखवले: घटक, मात्रा, दोन्ही पाकिटे किती दिवस, मोजणी, क्रिएटिनिन, साडेअकराचा आकडा. डॉक्टरांनी मधुमेहाच्या तिन्ही गोळ्या थांबवून तालुक्याच्या रुग्णालयात चोवीस तास देखरेखीखाली ठेवायला सांगितले. संध्याकाळी आजी व्यवस्थित जेवली. रात्री नऊला साखर १३२ होती. पहाटे तीनला ती ६३ झाली आणि शिरेतून ग्लुकोज लावावे लागले. ती घरी झोपली असती तर पहाटे तीनला कोणी मोजणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी नव्या कागदावर मधुमेहासाठी दोन औषधे राहिली: मेटफॉर्मिन ५०० सकाळी आणि रात्री, म्हणजे तिच्या मूत्रपिंडाला सोसेल तेवढे, आणि लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा. हे दुसरे औषध मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडासाठी त्याची मात्रा कमी करावी लागत नाही, आणि एकट्याने ते साखर धोक्यापर्यंत उतरवत नाही. उपाशीपोटीची साखर आता १४० च्या आसपास राहते. घरच्यांना ८४ ची आठवण येते. डॉक्टरांना येत नाही. वय झालेल्या आणि इतर आजार असलेल्या माणसात साखर तरुणाइतकी आवळून धरायची नसते.

असा दुपटीचा घोळ फक्त मधुमेहात होतो असे नाही. तापाच्या ६५० च्या गोळीत जे पॅरासिटामॉल असते, तेच अंगदुखीच्या गोळीत अ‍ॅसिक्लोफिनॅकबरोबर ३२५ मिलिग्रॅम असते आणि सर्दीच्या गोळीतही असते. तिन्ही दिवसातून तीनदा घेतल्या की माणूस नकळत यकृताला सोसणाऱ्या मर्यादेजवळ जातो. रक्तदाबाच्या जोडगोळीत अ‍ॅम्लोडिपिन असते आणि ते वेगळेही लिहिलेले असते, मग घोट्यांना सूज येते आणि त्या सुजेसाठी लघवीची गोळी सुरू होते. मिश्र गोळ्यांमुळे रुग्णाच्या गोळ्यांची संख्या कमी होते, हा त्यांचा फायदा खरा आहे. पण दोन मिश्र गोळ्या एका डब्यात आल्या की आतले घटक एकमेकांवर कधी चढतात ते बाहेरून दिसत नाही. नावाच्या शेवटी येणारी अक्षरेही भरवशाची नाहीत. ‘एम’ म्हणजे पुष्कळदा मेटफॉर्मिन, पण रक्तदाबाच्या गोळीच्या शेपटाला ‘एएम’ असेल तर ते अ‍ॅम्लोडिपिन असते.

घरात कोणी फार्मसी शिकत नसले तरी मार्ग बंद होत नाही. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असणे कायद्याने आवश्यक आहे. सगळी पाकिटे एका पिशवीत घालून, गर्दी नसलेल्या दुपारच्या वेळी त्याच्यासमोर ठेवावीत आणि एकच विचारावे, यातल्या कोणत्या दोन गोळ्यांत एकच औषध आहे? कोणती बंद करायची हे मात्र डॉक्टरांनाच विचारायचे, कारण काही गोळ्या एकदम थांबवणेही धोक्याचे असते. आजीचे मेटोप्रोलोल त्यातलेच. औषधामुळे असा त्रास झाला तर तो रुग्णाला किंवा नातेवाइकांनाही भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंदवता येतो.

आजीच्या घरी आता स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवलेला आहे. वरच्या अर्ध्या भागात चालू औषधे, घटकांच्या नावाने. खालच्या अर्ध्या भागात लाल शाईने बंद केलेली, तीही घटकांच्या नावाने आणि तारखेसह. आजीला अक्षरे लागत नाहीत, म्हणून बंद केलेल्या दोन्ही गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे तुकडे तिथे टाचणीने लावले आहेत, एक हिरवे आणि एक गुलाबी. रुग्णालयातून घरी निघताना नवी औषधे समजावून सांगणाऱ्याला वाचकांनी एवढे जरूर विचारावे: आधीच्यांपैकी कोणती बंद? आणि उत्तर त्याच कागदावर लिहून घ्यावे.